बोअरची वाळू वर गाळावी की खालीच रोखावी?

महोदय,
यावल तालुक्यातल्या आमच्या गावी घराच्या आवारात सात वर्षांपूर्वी २८० फुटांची ट्यूबवेल केली. केसिंग सहा इंची लोखंडी आहे आणि मोटार दीड अश्वशक्तीची सबमर्सिबल आहे. दोन वर्षांपासून पाण्यातून बारीक वाळू येते आणि या उन्हाळ्यात ती फारच वाढली. दीड वर्षात दोनदा मोटार काढावी लागली. मिस्त्रींनी इम्पेलर झिजून पातळ झालेले दाखवले. घरातला एकही नळ नीट बंद होत नाही. दुकानदार म्हणतात की टाकीआधी मोठा सँड फिल्टर बसवा. शेजारी सांगतात की मोटारीलाच नायलॉनची जाळी गुंडाळा. नेमके काय करावे?
— एक वाचक

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी एक विनंती. मोटारीला जाळी गुंडाळू नका. बारीक वाळू आणि गाळ त्या जाळीवर काही दिवसांतच लिंपला जातो, पंपाला पाणी कमी पडते आणि ज्या पाण्याने मोटार थंड राहायची तेच तिच्याभोवतून वाहीनासे होते. अशा जळालेल्या मोटारी मी वर काढताना पाहिल्या आहेत. त्यांच्या जाळीवर हाताच्या बोटाएवढा जाड, ओल्या सिमेंटसारखा थर बसलेला होता. झिजलेला इम्पेलर बदलता येतो, जळालेली मोटार पुन्हा भरावी लागते आणि तो खर्च कितीतरी मोठा असतो.

दुकानदाराने सुचवलेल्या सँड फिल्टरच्या नावामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. सँड फिल्टर म्हणजे वाळू काढणारा नव्हे, तर वाळूच्या थरातून पाणी गाळणारा फिल्टर. तो शेततळ्यातल्या किंवा कालव्याच्या पाण्यातले शेवाळ आणि कुजका पाला अडवण्यासाठी असतो. त्यात बोअरची वाळू गेली, तर ती आतल्या वाळूतच मिसळून बसते आणि उलट्या प्रवाहाने धुतली तरी पूर्ण बाहेर पडत नाही, कारण ती जवळजवळ तितकीच जड असते. शिवाय टाकीआधी बसवलेला कोणताही फिल्टर, मग तो कितीही चांगला असो, पंपाच्या पुढे असतो. वाळू पंपातून जाऊन, इम्पेलर खाऊन मगच त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून तुमच्या प्रश्नाचे दोन निरनिराळे भाग करावे लागतील. नळ वाचवण्याचे काम जमिनीवर होईल, पण पंप वाचवायचा असेल तर ते काम बोअरच्या आतच करावे लागेल.

आधी वाळू मोजा. त्यासाठी २०० लिटरचा रिकामा, स्वच्छ ड्रम आणि घरातला चहाचा चमचा एवढेच पुरते. बोअर रात्रभर बंद ठेवून सकाळी मोटार सुरू करताच पहिला ड्रम भरून घ्या. मोटार सुरूच ठेवून दहा मिनिटांनी दुसरा आणि अर्ध्या तासाने तिसरा भरा. ड्रम एकच असेल, तर ही मोजणी तीन सकाळी वाटून करावी. प्रत्येक वेळी ड्रम भरायला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. पाणी अर्धा तास स्थिर ठेवून वरचे हलकेच काढून टाका, तळाची वाळू ताटात घेऊन उन्हात वाळवा आणि सपाट चमच्याने मोजा. सपाट चमचाभर कोरडी वाळू साधारण सात ते आठ ग्रॅम भरते. अनेक सबमर्सिबल पंपांच्या माहितीपत्रकात १००० लिटर पाण्यात ५० ग्रॅम वाळू ही मर्यादा दिलेली असते, म्हणजे २०० लिटरच्या ड्रममागे १० ग्रॅम, अर्थात सव्वा ते दीड चमचा. त्यापेक्षा जास्त वाळू सतत येत असेल, तर कोणत्याही कंपनीचा पंप लवकर झिजणार हे धरून चालावे.

मोजताना वाळू हातावर घेऊन जवळून पाहा. ती लिंबाच्या रसात टाकल्यावर फसफसून जवळजवळ नाहीशी झाली, तर ती वाळू नसून पाइपातून सुटलेले क्षाराचे पापुद्रे आहेत आणि मग पुढचे सारे विवेचन तुम्हाला लागू होत नाही. थोडीशी फसफसून बाकीची तशीच राहिली, तर ती आपल्याकडच्या गाळातली नेहमीची वाळू आहे, कारण तिच्यात चुनखडीचे कण असतातच. वाळूबरोबर हरभऱ्याएवढे गोल खडे दिसले, तर मात्र ताबडतोब सावध व्हा. ते खडे म्हणजे बोअर करताना केसिंगभोवती ओतलेले ग्रॅव्हल असते. ते आत येत असेल, तर केसिंगला भोक पडले आहे किंवा एखादा जोड उघडला आहे.

तुमच्या भागातली जमीन कशी आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या मोजणीचा अर्थ लागत नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी बोअर काळ्या खडकात असते. तिथे केसिंग फक्त वरच्या मुरमापुरते घालतात आणि खाली उघडा खडक असतो. तिथे वाळू किंवा मुरूम आला, तर केसिंगचा खालचा काठ पक्क्या खडकात नीट बसलेला नाही असे बहुतेक वेळा निघते. यावल, रावेर, चोपडा हा पट्टा याहून वेगळा आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत इथे गाळाचे जाड थर आहेत. माती, चिकणमाती, बारीक वाळू, भरड वाळू, गोटे असे थर एकावर एक पसरले आहेत आणि पाणी त्या वाळूच्या थरांतच आहे. म्हणून इथे बोअरला तळापर्यंत केसिंग लागते, पाण्याच्या थरासमोर खाचा पाडलेला पाइप बसवतात आणि त्या पाइपाभोवती ग्रॅव्हल भरतात. वाळू अडवण्याचे खरे काम हे ग्रॅव्हल करते. खाचेचा पाइप फक्त ग्रॅव्हलला अडवून धरतो.

इथेच बहुतेक ट्यूबवेलींचे बिनसते. ग्रॅव्हलच्या कणाचा आकार थरातल्या वाळूच्या सरासरी कणाच्या चार ते सहा पट असावा, असा नियम आहे. वाळूचा कण पाव मिलिमीटरचा असेल, तर ग्रॅव्हल एक ते दीड मिलिमीटरचे हवे आणि पाइपाच्या खाचा त्याहून बारीक हव्यात. प्रत्यक्षात सगळ्या बोअरना एकाच मापाचे, सहा ते दहा मिलिमीटरचे खडे ओतलेले मी वारंवार पाहिले आहेत, कारण तेच सहज मिळतात. भरड वाळूच्या थरात ते खपून जाते, बारीक वाळूच्या थरात मात्र ती वाळू त्या खड्यांच्या फटींतून निर्धास्त आत येते.

मग पहिली पाच वर्षे पाणी स्वच्छ का आले, असे तुम्ही विचाराल. पाणी कमी वेगाने आत येत असते तोवर बारीक कण एकमेकांना अडकून खड्यांच्या तोंडाशी कमान करून बसतात आणि ती कमान टिकते. तुमच्या भागात भूजलाची पातळी वर्षानुवर्षे खोल जात आहे. पातळी खाली गेली की वरच्या खाचा कोरड्या पडतात, तेवढेच पाणी उरलेल्या थोड्या खाचांतून येऊ लागते, त्याचा वेग वाढतो आणि कमानी मोडतात. उन्हाळ्यात वाळू वाढली असे तुम्ही लिहिले आहे, ते याच्याशी जुळते. कारण एवढेच असेल, तर उपायही वेग कमी करण्यातच आहे.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने सांगतो. गेल्या वर्षी मी चोपड्याकडच्या एका घरची ट्यूबवेल पाहिली. बोअर साधारण तुमच्याएवढेच, मोटारही दीड अश्वशक्तीची. २०० लिटरचा ड्रम तीन मिनिटांत भरत होता, म्हणजे मिनिटाला सुमारे ६५ लिटर पाणी येत होते. पहिल्या ड्रममध्ये आठ चमचे वाळू निघाली, दहा मिनिटांनंतरच्या ड्रममध्ये तीन आणि अर्ध्या तासानंतरही तीनच. सुरुवातीला जास्त आणि मग शून्य, असे असते तर मी वेगळा विचार केला असता, पण ही वाळू थांबत नव्हती. तीन चमचे म्हणजे सुमारे २२ ग्रॅम, म्हणजेच १००० लिटरमागे ११० ग्रॅम. घराची गरज रोज २००० लिटरची असल्याने वर्षाकाठी सुमारे ८० किलो वाळू वर येत होती. ढोबळ मानाने ती ५० लिटर, म्हणजे तीन बादल्यांहून अधिक भरते. ही वाळू कुठून तरी कमी होत असते, हे आपण विसरतो. ती केसिंगच्या भोवतालून जाते, तिथे पोकळी होते, वरचे ग्रॅव्हल त्या पोकळीत खचते आणि जिथे ग्रॅव्हल उरत नाही तिथे वाळू सरळ खाचेला येऊन भिडते. म्हणजे आज येणारी वाळू उद्याच्या अधिक वाळूला वाट करून देते.

तिथे आम्ही काहीही विकत घेण्याआधी एक साधी गोष्ट केली. मोटारीच्या वरच्या पाइपावर जो व्हॉल्व्ह होता तो ड्रमला पाच मिनिटे लागतील इतका बंद केला, म्हणजे पाणी मिनिटाला ४० लिटरवर आणले. अर्धा तास थांबून पुन्हा मोजले, तेव्हा ड्रममध्ये पाऊण चमचा वाळू निघाली. पाणी निम्म्यापेक्षा थोडे जास्तच राहिले होते, वाळू मात्र पावपट झाली होती. २००० लिटरची टाकी पूर्वी अर्ध्या तासात भरत असे, आता तिला ५० मिनिटे लागू लागली. घरच्यांची तेवढ्यावर काहीच हरकत नव्हती.

तुम्हीही हाच प्रयोग आधी करून पाहा. व्हॉल्व्ह थोडा बंद केल्याने मोटारीवर ताण येतो अशी समजूत आहे, पण या प्रकारच्या पंपात पाणी कमी केले की अँपिअर उलट थोडे उतरतात. ते स्टार्टरच्या पेटीवर दिसतील. तरीही व्हॉल्व्ह अर्ध्यापेक्षा कमी पाण्यावर आणू नका आणि पूर्ण बंद तर कधीच करू नका, कारण मोटार थंड राहायला वाहते पाणी लागते. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला की त्याच्या फटीतून वाळू जोराने जाऊन तोही झिजतो. म्हणून साधा, स्वस्त व्हॉल्व्ह बसवावा आणि ठरावीक काळाने बदलावा. पुढे कधी पंप बदलण्याची वेळ आली, तर मिनिटाला ४० लिटरच देणारा, कमी अश्वशक्तीचा पंप घ्यावा.

तुमच्या मोजणीत वाळू फक्त पहिल्या ड्रममध्येच येऊन पुढे पाणी स्वच्छ होत असेल, तर दोष वारंवार चालू-बंद होण्याचा आहे. मोटार सुरू होताच बोअरमधली पातळी झपाट्याने खाली जाते आणि त्या हिसक्याने कमानी मोडतात. पाणी उलटे खाली येऊ न देणारा व्हॉल्व्ह म्हणजे एनआरव्ही गळका असेल, तर मोटार बंद होताच वरच्या पाइपातले पाणी धाडकन खाली येऊन भोवतालची वाळू ढवळते. अशा वेळी एनआरव्ही बदलावा, दिवसातून सहा वेळा थोडे थोडे पाणी चढवण्याऐवजी एकदा किंवा दोनदा सलग चढवावे आणि सुरुवातीची पाच मिनिटे पाणी टाकीत न सोडता झाडांना सोडावे.

पुढच्या वेळी मोटार वर काढाल, तेव्हा तीन गोष्टी करून घ्या, कारण त्यासाठी पुन्हा वेगळी मजुरी लागत नाही. पहिली म्हणजे दोरीला जड लोखंड बांधून बोअरची खोली मोजा. २८० फुटांऐवजी दोरी २६० फुटांवर टेकली, तर तळाला २० फूट वाळू साचली आहे आणि तितक्या खाचा बुजल्या आहेत. उरलेल्या खाचांवर भार पडल्याने वाळू वाढते, म्हणून कॉम्प्रेसरने ती उपसून घ्यावी. मात्र कॉम्प्रेसरवाल्याला हवेचा दाब हळूहळू वाढवायला सांगा. जुन्या, गंजलेल्या लोखंडी केसिंगमध्ये एकदम जोर लावला, तर खाचांमधला पत्रा फाटतो आणि दुरुस्तीच्या नादात बोअर हातचे जाते.

दुसरी गोष्ट पंपाच्या जागेची. बोअर करतेवेळी कोणत्या खोलीवर खाचेचा पाइप आणि कोणत्या खोलीवर सलग पाइप बसवला, याची नोंद बोअरवाल्याने दिली असेल तर ती शोधा. पंपाचे तोंड खाचेच्या पाइपासमोर आले की समोरच्या थरातले पाणी सरळ आणि वेगाने खेचले जाते. पंप सलग पाइपात, खाचांच्या वर असावा आणि तळापासून किमान १०-१५ फूट उंच असावा. अर्थात उन्हाळ्यात पाणी खेचल्यावर पातळी कुठवर जाते हे पाहूनच तो वर घ्यायचा, कारण कोरडा चालला तर तो वाळूपेक्षाही लवकर संपेल. नोंद हाती लागली नाही, तर जळगावला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय आहे. तुमच्या परिसरातले थर साधारण किती खोलीवर आहेत, याची विचारणा तिथे करता येईल.

तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात. केसिंगभोवतीचा सिमेंटचा ओटा थोडा फोडून खाली ग्रॅव्हल आहे का ते पाहा. चोपड्याच्या त्या बोअरला ओट्याखाली सळई घातली, तेव्हा ती आठ-नऊ फूट अलगद खाली गेली. ग्रॅव्हल तेवढे खचले होते. पूर्वीच्याच मापाचे, गोल आणि धुतलेले ग्रॅव्हल हळूहळू ओतत गेलो, तेव्हा पाच-सहा घमेली मावले. पुढच्या दोन महिन्यांत ते आणखी हातभर खाली बसले आणि पुन्हा भरावे लागले. त्यानंतर ओटा नव्याने करताना ग्रॅव्हल ओतण्यासाठी झाकणाचा एक चार इंची पाइप मुद्दाम ठेवला. तुम्हीही तसाच ठेवा.

एवढे करूनही वाळू मर्यादेखाली आली नाही, तर बोअरच्या खालच्या भागात चार इंची, अर्ध्या मिलिमीटरच्या खाचांचा पीव्हीसी पाइप उतरवून त्याच्या आणि जुन्या केसिंगच्या मधल्या जागेत बारीक ग्रॅव्हल भरता येते. पंप त्या पाइपात मावत नाही, म्हणून तो वरच्या सहा इंची भागातच राहतो. त्यासाठी पंपाखाली पुरेशी खोली आणि वर पुरेसे पाणी हवे. पाणी कमी होते, काम जाणत्या माणसाचे आहे आणि त्याने आधी ग्रॅव्हलचे माप सांगितले नाही, तर त्याला ते काम देऊ नये. केसिंग फाटून खडे येत असतील, तर मात्र हा खर्चही वाया जाण्याची शक्यता मोठी असते. त्या स्थितीत मी नव्या बोअरचाच सल्ला देईन, आणि त्या वेळी थरातली वाळू पाहून ग्रॅव्हल निवडायला सांगेन.

आता जमिनीवरचे काम. घरगुती पाण्यासाठी सर्वांत विश्वासू उपाय साध्या हौदाचा आहे. वाळूचा दशांश मिलिमीटरचा कणसुद्धा स्थिर पाण्यात सेकंदाला सात-आठ मिलिमीटर खाली जातो, म्हणजे मीटरभर खोल हौदात दोन-अडीच मिनिटांत तळाला पोहोचतो. बोअरचे पाणी आधी ५०० ते १००० लिटरच्या लहान टाकीत घ्या. येणारा पाइप एका टोकाला अर्ध्या उंचीवर ठेवा, जाणारा पाइप दुसऱ्या टोकाला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवा आणि तळाशी दोन इंची ड्रेन काढा. दर आठवड्याला तो ड्रेन उघडून वाळू सोडून द्यायची. तिथून स्वच्छ पाणी लहान मोटारीने किंवा उंची मिळत असेल तर आपोआप मुख्य टाकीत जाऊ द्यावे. वेगळी टाकी ठेवायला जागा नसेल, तर छतावरच्या टाकीतला घराकडे जाणारा पाइप तळापासून सहा इंच वर उचलून घ्यावा आणि ड्रेन वेगळा ठेवावा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. पाण्यात चिकणमातीचा गढूळपणा असेल तर मात्र हौद कामाचा नाही, कारण ते कण बसायला कित्येक तास लागतात.

जागा अगदीच नसेल, तर हायड्रोसायक्लोन बसवता येतो. तुमच्या भागात केळीच्या ठिबकवर तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात पाणी भोवऱ्यासारखे फिरते, वाळू कडेला फेकली जाऊन खालच्या भांड्यात जमते. पण तो प्रवाहावर चालतो. शेतासाठीचा दोन इंची सायक्लोन घराच्या ४० लिटरच्या प्रवाहावर लावला, तर पाणी फिरतच नाही आणि वाळू तशीच पुढे जाते. एक इंची किंवा त्याहून लहान, मिनिटाला ४० लिटरसाठीच बनवलेला घ्यावा आणि त्यामुळे पंपाला तीन ते पाच मीटर जास्त उंचीएवढा जोर लागेल, हे धरून ठेवावे. हौद असो वा सायक्लोन, त्यानंतर घराच्या मुख्य पाइपावर १२० मेशचा, धुता येणारा स्क्रीन फिल्टर पुरे होतो. पाच मायक्रॉनच्या कापसाच्या काडतुसापासून सुरुवात करू नका, ते दोन दिवसांत भरते आणि मग लोक ते काढूनच ठेवतात.

नळांबद्दल शेवटचे. पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ आत सिरॅमिकच्या दोन घासून बसणाऱ्या चकत्यांवर चालतात. त्यांच्यात वाळूचा एक कण सापडला तरी ओरखडा पडतो आणि नळ कायमचा गळू लागतो. वाळू आटोक्यात येईपर्यंत स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात फिरकीचे, रबरी वॉशरचे जुन्या पद्धतीचे नळ लावा. त्यांचा वॉशर घरच्या घरी बदलता येतो. वॉशर बदलूनही नळ गळत असेल, तर आतल्या बैठकीच्या कडेवर बोट फिरवून पाहा. तिथे बारीक चीर लागली, तर नवा वॉशर घालण्यात अर्थ नाही, ती बैठक घासून घ्यावी किंवा नळच बदलावा. कपडे धुण्याच्या यंत्राच्या पाइपाच्या तोंडाशी एक लहान जाळी असते, ती आताच काढून पाहा. तुमच्या घरात आजवर किती वाळू पोहोचली आहे, ते तिथे दिसेल.